किराणा दुकानासाठी बँकेकडे कर्ज मागताना : मॅनेजरपुढे काय आणि कसं मांडावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण धरलं आहे. तालुक्याच्या गावातलं 9 वर्षं जुनं किराणा दुकान, जागा भाड्याची, महिन्याची विक्री 3 लाख, म्हणजे वर्षाची 36 लाख. मालकाला डीप फ्रीझर, थंड पेयांचा उभा कूलर, नवे रॅक आणि बिलिंगचं मशीन घ्यायचं आहे. शिवाय माल उधारीऐवजी रोखीने, म्हणजे लगेच पैसे चुकते करून, उचलायचा आहे. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे निघतील. हिशोब करायची रीत मात्र हीच राहील.

मॅनेजर नेमकं काय बघतो?

दुकान किती चांगलं चालतं, हे तो तुमच्या तोंडून ऐकतो, पण ठरवतो कागदावरून. त्यातही एकेका कागदापेक्षा ते कागद एकमेकांशी जुळतात का, याकडे त्याचं लक्ष असतं. तुम्ही म्हणता विक्री 36 लाख. पासबुकात वर्षभरात जमा दिसतात 24 लाख. रिटर्नमध्ये उलाढाल लिहिलीय 22 लाख. कदाचित तिन्ही आकड्यांमागे प्रामाणिक कारणं असतील, पण मॅनेजरला त्यातला सगळ्यात लहान आकडाच धरावा लागतो. उद्या तपासणीला आलेला ऑडिटर त्यालाच विचारणार असतो, की 36 लाख कशावरून मानले?

म्हणून सादरीकरणातला सगळ्यात मोलाचा कागद नफ्याचा नसतो. रोजची वही, बँक खातं आणि प्राप्तिकराचं रिटर्न या तिघांचा मेळ घालणारा कागद असतो.

हा मेळ घालायचा कसा? बरीच विक्री रोखीची आहे.

रोखीची विक्री हा काही गुन्हा नाही. ती रोकड पुढे कुठे गेली हे दाखवता आलं नाही, तरच अडचण होते. आपल्या उदाहरणातले 36 लाख एका पानावर असे मांडता येतात :

यूपीआय आणि कार्डाने खात्यात आले : 15,00,000
गल्ल्यातून खात्यात भरलेली रोकड : 9,00,000
गल्ल्यातूनच परस्पर व्यापाऱ्यांना आणि दुकानखर्चाला दिली : 10,20,000
घरखर्चाला काढली : 1,80,000
एकूण : 36,00,000

पहिल्या दोन ओळी बँक स्टेटमेंटवरून थेट ताडून बघता येतात. तिसऱ्या ओळीला खरेदीची बिलं आणि पावत्या लागतात, म्हणून बिलं महिन्यावार फाइल करून ठेवा. चौथी ओळ तुमच्या शब्दावर असते, पण आकडा पटण्यासारखा हवा. पाच माणसांचं घर महिन्याला 4,000 रुपयांत चालतं असं लिहिलं, तर मॅनेजर हसतो आणि बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

अर्ज सहा महिन्यांनी करायचा असेल तर आजपासूनच तिसरी ओळ लहान आणि दुसरी मोठी करायला लागा. गल्ला रोज, जमलं नाही तर एक दिवसाआड, खात्यात भरा आणि डिस्ट्रिब्युटरला चेकने किंवा ऑनलाइन पैसे द्या. सहा महिन्यांचं असं स्टेटमेंट दहा पानी प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा जास्त बोलतं.

आणखी एक नेहमी होणारी गोष्ट. काउंटरवरचा क्यूआर कोड मुलाच्या किंवा बायकोच्या बचत खात्याला जोडलेला असतो. मग ती विक्री दुकानाची म्हणून धरलीच जात नाही. दुकानाच्या नावाचं चालू खातं उघडा, कोड त्याला जोडा, आणि कर्ज शक्यतो त्याच शाखेत मागा.

वही कच्ची आहे, रोजची विक्रीही लिहिलेली नाही. मग?

मग मागचं अंदाजाने लिहून काढू नका. एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली बारा महिन्यांची वही लगेच ओळखू येते. आजपासून लिहा : तारीख, रोख विक्री, ऑनलाइन विक्री, उधार दिली, उधारी वसूल झाली, खरेदी, खर्च, आणि रात्रीची शिल्लक. मागच्या काळासाठी खरेदीच्या बिलांवरून उलटा हिशोब मांडता येतो. वर्षात 31.32 लाखांचा माल घेतला, सुरुवातीला आणि शेवटी साठा साधारण तेवढाच होता, आणि विक्रीवर सरासरी 13 टक्के सुटतात, तर विक्री 36 लाख येते. हा हिशोब बिलांवर उभा असल्याने मॅनेजरला तो पटतो.

कर्जाची रक्कम कशी ठरवायची?

"साहेब, पाच लाख मिळाले तर बरं होईल" हे वाक्य बँकेत रोज ऐकू येतं. त्यावरचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : पाचच का? त्याचं उत्तर नसेल तर बोलणं तिथेच लंगडतं. रक्कम गरजेच्या हिशोबातून निघाली पाहिजे, आणि दुकानाच्या गरजेचे दोन वेगळे भाग असतात.

पहिला भाग टिकाऊ वस्तूंचा. उदाहरणात फ्रीझर 40,000, कूलर 45,000, रॅक 60,000 आणि संगणक, प्रिंटर, काटा मिळून 55,000, असे 2 लाख होतात. यातले 25 टक्के, म्हणजे 50,000, मालक स्वतः घालणार. उरलेले 1.5 लाख मुदत कर्ज, म्हणजे टर्म लोन. ते ठरलेल्या हप्त्यांत फिटतं.

दुसरा भाग मालाचा. दुकानात पुढच्या वर्षी साधारण 35 दिवसांचा साठा ठेवायचा आहे. रोज 10,000 रुपयांचा माल (खरेदीच्या भावाने) विकला जाईल असं धरलं, तर साठा 3.5 लाखांचा होतो. गिऱ्हाइकांकडे सरासरी 40,000 उधारी अडकलेली असते. डिस्ट्रिब्युटरांचं देणं आज 1 लाख आहे, रोखीने माल घ्यायला लागल्यावर ते 40,000 वर येईल. म्हणजे धंद्यात 3.5 लाख खेळते हवेत. आज मालकाचे स्वतःचे 2 लाख त्यात गुंतलेले आहेत. दीड लाख कमी पडतात. दिवाळीच्या आधी तेल, साखर, रवा, मैदा, सुकामेवा भरायला आणखी 50,000. अशी 2 लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे सीसी, निघते.

एकूण मागणी 3.5 लाख. हा आकडा गोल नाही, आणि त्याचा प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते सांगता येतं. मुद्रा योजनेत 50,000 च्या वर आणि 5 लाखांपर्यंतचं कर्ज 'किशोर' गटात येतं, त्यात ही रक्कम बसते.

सगळंच टर्म लोन घेतलं तर काय बिघडतं? हिशोब सोपा होईल.

मालासाठी टर्म लोन घेतलं की पुऱ्या रकमेवर व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं, श्रावणात दुकान थंड असलं तरीही. सीसीत जेवढी रक्कम जेवढे दिवस वापरली तेवढ्यावरच व्याज लागतं. उलट फ्रीझर सीसीतून घेतला तर पैसे मशीनमध्ये अडकतात, मर्यादा कायम भरलेली राहते आणि दिवाळीला माल भरायला हात रिकामे. ही चूक दुकानदार सर्रास करतात. ती पुढे खात्यात दिसून येते : शिल्लक बारा महिने मर्यादेला टेकलेली.

उलाढालीच्या 20 टक्के सीसी मिळते असं ऐकलं आहे. मग 36 लाखांवर 7 लाख का मागू नयेत?

हा नियम रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या शिफारशीतून आला. अपेक्षित उलाढालीच्या 25 टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले 20 टक्के बँकेने द्यायचे आणि 5 टक्के धंदेवाल्याने घालायचे. त्यामागे पैसा वर्षातून चार वेळा फिरतो, म्हणजे एक फेरा तीन महिन्यांचा, असं गृहीत आहे. किराण्याचा फेरा सव्वा महिन्याचा. तुमच्या दुकानात 7 लाखांचा माल मावतच नाही, मग उचललेला पैसा जाणार कुठे? प्लॉटमध्ये, लग्नात, नाहीतर मेहुण्याच्या गाडीत. मॅनेजरला हे माहीत असतं.

शिवाय मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचल यांच्यामध्ये ड्रॉइंग पॉवर, म्हणजे साठ्याच्या हिशोबाने खरोखर उचलता येणारी रक्कम, असते. साठ्यातून डिस्ट्रिब्युटरांचं देणं वजा करायचं आणि उरलेल्यातून साधारण 25 टक्के मार्जिन काढायचं. आपल्या उदाहरणात 3,50,000 वजा 40,000 म्हणजे 3,10,000, त्याचे 75 टक्के 2,32,500. म्हणजे 2 लाखांची मर्यादा पूर्ण वापरता येते. 7 लाख मंजूर झाले असते तरी उचल 2.32 लाखांवरच अडली असती. हा हिशोब तुम्हीच मांडून नेला, तर समोरचा माणूस खुर्चीत जरा पुढे सरकून ऐकतो.

हप्ता झेपेल हे कसं दाखवायचं?

आजच्या विक्रीवर दाखवायचं. वाढणाऱ्या विक्रीवर नाही. इथेच बहुतेक सादरीकरणं घसरतात : कर्ज मिळालं की विक्री वाढेल, वाढली की हप्ता भरू, असा तो जर-तरचा डोलारा असतो.

आजचं चित्र असं. 36 लाखांवर 13 टक्क्यांनी 4,68,000 सुटतात. भाडं महिन्याला 6,000, मदतनीस 7,000, वीज 2,000, हमाली-पिशव्या-दुरुस्ती 1,500, म्हणजे वर्षाला 1,98,000 खर्च. निव्वळ 2,70,000. घरखर्च 1,80,000. उरतात 90,000, म्हणजे महिन्याला 7,500.

आता बोजा बघा. दीड लाखाच्या टर्म लोनचा 11 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी हप्ता 3,261 रुपये, वर्षाला 39,132. सीसीत सरासरी दीड लाख वापरले तर व्याज 16,500. एकूण 55,632. म्हणजे विक्री एका रुपयाने वाढली नाही तरी 90,000 मधून हे भागतं आणि 34,000 च्या वर हातात राहतात.

याच्यापुढची एक ओळ सहसा कोणी लिहीत नाही, ती जरूर लिहा. उरलेल्या 34,368 ला 13 टक्क्यांनी भागलं की सुमारे 2.64 लाख येतात. म्हणजे विक्री 7 टक्क्यांहून जास्त घटली तर हप्ता जड जाईल. हे कबूल करायला लोक घाबरतात. पण मॅनेजर हा हिशोब मनात करतोच. तो तुम्ही आधी केलात आणि सोबत "अशा वेळी मदतनिसाऐवजी मुलगा बसेल, महिन्याचे 7,000 वाचतील" असं जोडलंत, तर दुबळी बाजूच तुमच्या कामी येते.

महिन्याला 7,500 उरतात याला पुरावा काय?

पिग्मीचं पुस्तक. रोज 250 रुपये पिग्मी भरत असाल तर महिन्याचे 7,500 होतात, आणि तेही रोजच्या नोंदीसह. गल्ल्यातून रोज काहीतरी बाजूला निघतं याचा इतका सरळ दाखला दुसरा नाही. मागच्या दोन वर्षांचं पुस्तक असेल तर त्याची झेरॉक्स परतफेडीच्या पानामागेच लावा. पिग्मी पतसंस्थेत असली तरी चालतं. भिशीचंही सांगता येतं, पण तिचा कागद नसतो म्हणून वजन कमी पडतं.

मात्र पिग्मीवरच कर्ज काढलेलं असेल तर तेही सांगा. पुस्तकाच्या मागच्या पानावर ते दिसतंच.

हप्ता तीन वर्षांचा घ्यावा की पाच?

त्याच दीड लाखाला तीन वर्षांत 4,911 हप्ता बसतो, पाच वर्षांत 3,261. पाच वर्षांत व्याज जास्त जातं हे खरं, पण महिन्याला 7,500 उरणाऱ्या दुकानाने 4,911 अधिक सीसीचं व्याज असा ताण घेऊ नये. एखादा आजारपणाचा महिना आला की हप्ता चुकतो. पाच वर्षांचा घ्या आणि दिवाळीनंतर जमेल तसं जास्त भरा. मुदतीआधी भरल्यास दंड आहे का, हे मंजुरीपत्रात वाचून घ्या.

पुढच्या वर्षीची विक्री किती दाखवावी?

जेवढ्याचं कारण सांगता येईल तेवढी. उदाहरणात 42 लाख धरली आहे : गोठवलेले पदार्थ, दूध-दही आणि थंड पेयं आज दुकानात नाहीतच, ती आल्यावर दिवसाला सरासरी 1,600 ते 1,700 रुपयांची भर पडेल, वर्षाचे 6 लाख. जवळच्या शाळेची मुलं, उन्हाळा, बसथांबा, जे असेल ते एका वाक्यात लिहा. बाहेरून करून घेतलेल्या रिपोर्टात दरवर्षी 25 टक्के वाढ दाखवलेली असते आणि "हा आकडा कुठून आला?" म्हटलं की मालक रिपोर्ट करणाऱ्याकडे बघतो. तो तर तिथे नसतो.

42 लाखांत एक खुबी आहे. मालाच्या विक्रीला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा साधारणपणे 40 लाख आहे, आईस्क्रीम, पानमसाला किंवा तंबाखू विकणाऱ्याला मात्र 20 लाख, आणि ती करमुक्त मालासकटच्या उलाढालीवर मोजतात. म्हणजे 42 लाख लिहिले की नोंदणी आलीच. कंपोझिशन योजना घेतली तर करपात्र विक्रीवर 1 टक्का भरावा लागतो. तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, तुमच्या नफ्यातून जातो. समजा 42 पैकी 30 लाख करपात्र असतील तर वर्षाला 30,000. हा खर्च अंदाजपत्रकात नसेल तर अंदाजपत्रक कच्चं आहे. आणि नोंदणी टाळायला 39.5 लाख लिहिणारे बरेच असतात. तो आकडा पाहिला की कारण लगेच समजतं.

सगळं धरून पुढचं वर्ष असं दिसतं. 42 लाखांवर 13 टक्के म्हणजे 5,46,000. रोखीने घेतल्यामुळे 18 लाखांच्या खरेदीवर 2 टक्के स्वस्त, 36,000. एकूण 5,82,000. जुना खर्च 1,98,000, फ्रीझर-कूलरची जादा वीज 30,000, जीएसटी 30,000. उरले 3,24,000. त्यातून सीसीचं व्याज 16,500, घरखर्च 1,80,000 आणि हप्ते 39,132 गेले की 88,368 शिल्लक. नुसती विक्री वाढली आणि रोखीची सूट मिळाली नाही, तर 6 लाखांच्या जादा विक्रीतून वीज आणि कर जाऊन जेमतेम 18,000 हाती लागतात, कर्जाच्या व्याजालाही ते पुरत नाहीत. म्हणून या प्रस्तावात सीसी हाच खरा गाभा आहे, फ्रीझर नाही. सूट नक्की किती मिळेल, हे दोन-तीन डिस्ट्रिब्युटरांकडून लेखी दर घेऊन जोडा.

रिटर्नमध्ये उत्पन्न कमी दाखवलं आहे. आता काय?

बँक रिटर्न धरूनच चालणार. प्राप्तिकरातल्या गृहीत नफ्याच्या तरतुदीप्रमाणे, म्हणजे 1961 च्या कायद्यातल्या कलम 44एडी प्रमाणे, छोट्या व्यापाऱ्याला रोख विक्रीवर किमान 8 टक्के आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के नफा दाखवता येतो. आपल्या दुकानाचे 21 लाखांवर 8 टक्के म्हणजे 1,68,000 आणि 15 लाखांवर 6 टक्के म्हणजे 90,000, मिळून किमान 2,58,000. खरा नफा 2,70,000 आहे, म्हणून तोच दाखवायचा. उलाढालच कमी लिहिली असेल तर पुढचं रिटर्न नीट भरून मग अर्ज करणं शहाणपणाचं. कर्ज हवं म्हणून एकाच दिवशी तीन वर्षांची रिटर्न भरून नेली, तर प्रत्येकावर भरल्याची तारीख छापलेली असते हे विसरू नका.

सिबिलमध्ये काय अडकतं?

जाण्याआधी स्वतःचा रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. दुकानदारांच्या बाबतीत दोन गोष्टी वारंवार निघतात. एक, हप्त्यावर घेतलेला जुना मोबाइल किंवा टीव्ही, ज्याचे शेवटचे हप्ते तडजोडीने मिटवले आणि खातं 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' दिसतं. दोन, मित्राला किंवा भावाला दिलेली जामीनकी, जी तुम्ही विसरलात पण रिपोर्ट विसरला नाही. दोन्ही तुम्हीच आधी सांगा, सोबत कागद जोडा. पाच बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते.

कर्जच कधी घेतलं नसेल तर गुणसंख्या नसते. ते वाईट धरत नाहीत. तिथे पिग्मी, वीजबिलं आणि भाड्याच्या पावत्या कामाला येतात.

कागद कोणत्या क्रमाने लावायचे?

सहा-सात पानांवर मावेल एवढंच सादरीकरण, बाकी सगळं मागे जोडपत्रात. पहिल्या पानावर मागणी, दुसऱ्यावर दुकानाचा इतिहास, तिसऱ्यावर विक्रीचा मेळ, चौथ्यावर पैशाचा वापर, पाचव्यावर परतफेड, सहाव्यावर पुढच्या वर्षाचा अंदाज. जोडपत्रात आधार, पॅन, उद्यम नोंदणी, दुकान अधिनियमाखालची पावती (ज्याला अजून सगळे गुमास्ताच म्हणतात), अन्न परवाना, भाडेकरार, बारा महिन्यांचं स्टेटमेंट, दोन वर्षांची रिटर्न आणि कोटेशन.

उद्यम नोंदणी udyamregistration.gov.in वर फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या, सरकारी दिसणाऱ्या साइट पुष्कळ आहेत, तिकडे जाऊ नका.

भाडेकरार कर्जाच्या मुदतीआधी संपत असेल तर मालकाचं मुदतवाढीचं पत्र आणा. पाच वर्षांचं कर्ज आणि आठ महिन्यांचा उरलेला करार, ही विसंगती पटकन डोळ्यात भरते.

पहिल्या पानावर काय लिहायचं?

एवढंच :

"मी (गाव) येथे गेली 9 वर्षे किराणा दुकान चालवतो. मागील वर्षाची विक्री 36 लाख रुपये, निव्वळ नफा 2.70 लाख रुपये. मला 1.50 लाख रुपये मुदत कर्ज (यंत्रे व रॅक, एकूण किंमत 2 लाख, माझा हिस्सा 50 हजार) आणि 2 लाख रुपये कॅश क्रेडिट (रोखीने माल खरेदी) हवे आहे. हप्ता व व्याज मिळून वर्षाला सुमारे 55,600 रुपये होतात. आजच्या विक्रीवर घरखर्च जाऊन 90,000 रुपये उरतात. सध्या माझ्यावर दुसरे कर्ज नाही."

मुलांची शिक्षणं, वडिलांचं आजारपण, बेरोजगारी यातलं काही नको. हे पान मॅनेजर तसंच्या तसं आपल्या टिपणीत उतरवू शकला पाहिजे, कारण प्रस्ताव बऱ्याचदा वरच्या प्रोसेसिंग सेंटरला जातो आणि तिथल्या अधिकाऱ्याने तुमचं दुकान पाहिलेलं नसतं.

इतिहासाच्या पानावर काय?

दुकान कधी सुरू झालं, तीन वर्षांची विक्री, आणि वाढ-घट का झाली. लॉकडाऊनचं वर्ष खराब गेलं असेल तर तसं लिहा. किराण्याची विक्री तेव्हा काहींची वाढलीही होती. दुकानाचा समोरून आणि आतून एकेक फोटो लावा. पाट्या-पुरस्कारांचे नकोत.

कोटेशनबद्दल काय काळजी घ्यावी?

जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याचं, मॉडेलचं नाव आणि करासह किंमत असलेलं घ्या. टर्म लोनचे पैसे बँक सहसा थेट विक्रेत्याला देते, तुमच्या हातात नाही. म्हणून मंजुरीआधी मशीन विकत घेऊन "आता पैसे द्या" म्हटलं तर बहुतेक वेळा नकार मिळतो. तुमचा 50,000 चा हिस्सा खात्यात तयार ठेवा. तो आदल्या दिवशी कुणाकडून हातउसना आला तर स्टेटमेंटमध्ये दिसतो.

मुद्रा कर्जाला तारण मागितलं तर?

मुद्रा कर्जाला वेगळं तारण द्यावं लागत नाही. कर्जातून आलेला माल आणि मशीन बँकेकडे नजरगहाण राहतात, ती गोष्ट वेगळी. तरीही घराचा उतारा किंवा एफडी मागितली गेली, तर वाद न घालता विचारा : "साहेब, हे मुद्राखालीच करताय ना? मग हमी योजनेत बसेल का?" अर्जावर 'मुद्रा – किशोर' असं आधीच स्पष्ट लिहिलेलं असलं की हा प्रसंग फारसा येत नाही.

भेटायला कधी जावं?

महिन्याचा पहिला आठवडा पगार-पेन्शनच्या गर्दीचा, शेवटचा हिशोबाचा, आणि मार्च पूर्ण टाळा. मधल्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीनंतर, आधी वेळ घेऊन जा. दहा-पंधरा मिनिटं मिळतील. फाइल पुढे सरकवून गप्प बसू नका आणि पान न् पान वाचूनही दाखवू नका. पहिलं पान हातात द्या, विक्रीचा मेळ आणि परतफेड ही दोन पानं स्वतः समजावून सांगा, बाकी विचारतील तसं. आकडे तोंडपाठ हवेत. रिपोर्ट करणाऱ्याला सोबत नेलं तरी उत्तरं तुम्हीच द्या.

दुकान बघायला आले तर काय तपासतात?

सादरीकरणात लिहिलेला साठा फळीवर आहे का, ते. त्यासाठी साठ्याची यादी खरेदीच्या भावाने करा, एमआरपीने नाही. साखर 4 पोती, 50 किलोचं एक, 42 रुपयांनी 8,400. तेलाचे 15 किलोचे 8 डबे, 2,200 ने 17,600. अशी गटवार यादी, खाली तारीख आणि सही. मुदत संपलेला माल यादीत धरू नका आणि फळीवरही ठेवू नका. अनुभवी अधिकारी मागच्या रांगेतलं एखादं पाकीट उचलून तारीख बघतोच. शेजारच्या दुकानात सहज चौकशीही होते.

उत्तर किती दिवसांत मिळायला हवं? नाही म्हणाले तर?

अर्जाची पोच मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार सूक्ष्म व लघु उद्योगांच्या 25 लाखांपर्यंतच्या अर्जावर 14 कामकाजाच्या दिवसांत निर्णय अपेक्षित आहे, पण ते दिवस कागद पूर्ण असल्यापासून मोजतात. त्यामुळे एक झेरॉक्स राहिली की मोजणी सुरूच होत नाही. नकार आला तर कारण लेखी मागा. "उलाढाल खात्यात दिसत नाही" असं कारण असेल तर सहा महिने गल्ला खात्यात भरून त्याच शाखेत परत जा. दुसऱ्या बँकेतही तेच स्टेटमेंट दाखवावं लागणार आहे.

मंजूर झाल्यावर पहिल्या वर्षी काय सांभाळायचं?

सीसी खात्यातून विक्री फिरती ठेवायची. नुसतं उचलून महिन्याच्या शेवटी व्याजापुरते भरले की खातं आजारी दिसायला लागतं, आणि 90 दिवस व्याजही वसूल झालं नाही तर ते एनपीएत, म्हणजे थकीत खात्यांत, जातं. स्टॉक स्टेटमेंट ठरलेल्या तारखेला द्या. ते उशिरा गेलं तर ड्रॉइंग पॉवर अडते आणि काही बँका दंड आकारतात. दर महिन्याला तोच आकडा खाली-वर करून पाठवू नका. सप्टेंबरमध्ये 3 लाख 40 हजार, ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर 4 लाखांच्या पुढे आणि दिवाळी संपली की पुन्हा 3 लाखांवर, असा साठा हलतानाच दिसला पाहिजे. मालाचा आगीचा आणि चोरीचा विमा बँकेच्या नावाच्या नोंदीसह उतरवला जातो. त्याचा हप्ता खात्यातून परस्पर कापला जातो, म्हणून नूतनीकरणाच्या महिन्यात खात्यात तेवढी जागा ठेवा.